उरलेले नग आणि उरणारे नग

"सप्रेम नमस्कार. मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघी मिळून एका पाच दिवसांच्या महोत्सवात स्टॉल लावला होता. सारण भरून हाताने वळलेला आणि वाफवलेला एकच पदार्थ, संध्याकाळी पाच ते रात्री दहा. पहिल्या दिवशी रात्री साडेआठला ६० नग शिल्लक होते. त्यातले ३५ खपले, २५ टाकले. टाकताना जीव तुटला. दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा तेवढेच उरलेले पाहून नवऱ्याच्या सांगण्यावरून 'सर्व नग अर्ध्या किमतीत' अशी पाटी लावली. सगळे संपले, पण गल्ला पहिल्या दिवसापेक्षा कमी भरला. तिसऱ्या दिवशी आठ वाजल्यापासूनच लोक विचारू लागले, 'पाटी कधी लावणार?' जाऊ म्हणते, हाताच्या वस्तूचा भाव पाडायचाच नाही, उरलं तर उरलं. नवरा म्हणतो, टाकण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे. पुढच्या महिन्यात असाच दुसरा महोत्सव आहे. काय करावं?"

— एक स्टॉलवाली

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते तीन आकडे. साठ, पस्तीस आणि पंचवीस. बहुतेक स्टॉलवाल्यांना 'बरंच उरलं' एवढंच आठवतं. तुम्ही मोजलंत, म्हणून तुमच्याशी नेमकं बोलता येतंय.

साडेआठला परातीत दिसत होते ते ६० उरलेले नग. पण रात्री दहाला खरोखर उरणार होते ते २५. मधले ३५ नग पूर्ण भावाने जाणारच होते, फक्त त्यांची गिऱ्हाइकं अजून तुमच्यापर्यंत पोचली नव्हती. पाटी लावली तेव्हा तुम्ही २५ नगांसाठी सवलत दिली नाहीत, साठच्या साठांना दिलीत. गल्ला कमी भरला तो इथे.

हिशेब करून पाहू. एका नगाचा भाव १०० धरा, म्हणजे कुठल्याही पैशात तो लागू पडेल. पहिल्या रात्री ३५ नग पूर्ण भावाने गेले, म्हणजे ३५०० आले. दुसऱ्या रात्री ६० नग ५० ने गेले, म्हणजे ३०००. शेवटचा कण विकूनही ५०० कमी. अर्ध्या भावाने ३५०० जमवायला ७० नग विकावे लागले असते आणि तुमच्याकडे होतेच ६०. म्हणजे पाटी लावली त्या क्षणीच ती रात्र हरलेली होती, कितीही गर्दी लोटली असती तरी.

मग थोडी कमी सवलत द्यावी का? ३० टक्के उतरवून ७० ला नग विकला, तर त्याच ३५०० साठी ५० नग जायला हवेत. म्हणजे एरवीच्या ३५ गिऱ्हाइकांवर आणखी १५ नगांची भूक निर्माण व्हायला हवी. रात्री साडेआठनंतर महोत्सवात फिरणारा माणूस तीन-चार ठिकाणी खाऊन आलेला असतो. भाव उतरला म्हणून त्याच्या पोटात जागा होत नाही. जे थांबतात ते बहुतेक थांबणारच होते. म्हणून सगळ्या मालावर सरसकट सवलत हा मार्ग दिवसअखेरीला क्वचितच पैसे वाढवतो. कधी वाढवतो ते पुढे सांगते.

तुमचे यजमान चुकीचं बोलत नव्हते. एकदा वाफवून झालेल्या नगाचं सामान, गॅस, तुमचे हात, सगळं खर्च होऊन गेलेलं असतं. त्या क्षणी तो नग टाकून शून्य येणार असेल तर मिळेल तो पैसा वरचाच. फक्त हे वाक्य त्या २५ नगांना लागू होतं, ३५ ना नाही. जाऊबाईंचंही अर्धं खरं आहे. भाव पाडला की तो उद्याही पडलेलाच राहतो, हे त्यांना बरोबर जाणवलं. तिसऱ्या दिवशी जे विचारायला आले ते चिवट किंवा हलकी गिऱ्हाइकं नव्हती. तुमचा माल त्यांना आवडला होता आणि कधी यायचं ते तुमच्याच पाटीने त्यांना शिकवलं होतं.

म्हणजे आता प्रश्न असा उरतो की साठातले पंचवीस कोणते, हे साडेआठला कसं ओळखायचं.

याला वही पुरते. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेघा मारायचे, कारण ओल्या हाताने वही भिजते. दर अर्ध्या तासाने परातीतून किती नग गेले ते लिहायचं, बस. दोन संध्याकाळी झाल्या की एक गोष्ट दिसू लागते. आकडे रोज वेगळे असतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं बरंचसं तसंच राहतं. समजा पहिल्या दिवशी सात ते साडेआठमध्ये ७० नग गेले आणि साडेआठ ते दहामध्ये ३५, तर शेवटच्या दीड तासाचा खप आधीच्या दीड तासाच्या निम्मा. मग एखाद्या थंड संध्याकाळी सात ते साडेआठमध्ये ४४ च गेले असतील, तर पुढे २२ च्या आसपास जातील असं धरायचं. परातीत ६० असतील तर त्या दिवशी उरणारे ३८ आहेत. गर्दीच्या दिवशी ९० गेले असतील, तर पुढे ४५ जातील आणि उरणारे १५ च. परात दोन्ही दिवशी सारखीच दिसते, निर्णय मात्र वेगळा होतो.

यात एक फसगत होते. ज्या दिवशी माल नऊलाच संपला, त्या दिवशी 'शेवटच्या दीड तासात २० गेले' असं लिहून ठेवलं तर तो आकडा खोटा ठरतो. २० गेले कारण २० च होते. अशा दिवशी माल किती वाजता संपला ती वेळ लिहा आणि तो दिवस नात्याच्या हिशेबात धरू नका. तुमचा पाटीचा दिवसही धरायचा नाही, त्या रात्रीची गर्दी पाटीने आणलेली होती.

आता त्या पंचवीसांचं काय करायचं. मी एका नगाचा भाव कधीही उतरवत नाही. एक नग १००, पाचला आणि पावणेदहालाही. सवलत द्यायची ती जास्त घेण्यावर: चार घ्या, तीनाचे पैसे द्या. वरवर पाहता हीसुद्धा २५ टक्के सवलतच आहे, पण ती वेगळ्या माणसापर्यंत पोचते.

तुमच्या ३५ नगांची गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आणा. वीस माणसं आहेत असं धरू. नऊ जण एकेक घेतात, आठ जण दोन-दोन, दोघं तीन-तीन आणि एक कुटुंब चार. बेरीज ३५. आता चाराला तीनाचा भाव सांगितला. एकेक घेणारे नऊ जण तसेच राहतात, त्यांना चार नकोच असतात, म्हणून ९०० पूर्ण येतात. दोन घेणाऱ्या आठांपैकी चौघं म्हणतात, घरीही नेऊ. ते २०० ऐवजी ३०० देऊन जातात, उरलेले चौघं नेहमीचे २०० देतात, म्हणजे एकूण २०००. तीन घेणारे दोघं त्याच पैशात चौथा घेतात, ६०० तसेच राहतात. चार घेणाऱ्या कुटुंबाकडून मात्र १०० कमी मिळतात, ३०० येतात. एकूण ३८००, आणि गेले ४५ नग. सवलत न देता ३५०० आणि २५ उरले असते, सरसकट अर्ध्या भावाने ३००० आले. इथे ३८०० आले आणि १५ उरले. यातून चार-पाच जास्तीच्या खोक्यांचा खर्च वजा करा, तरी पुढेच आहात.

आठातले चौघं तयार होतील हे मी गृहीत धरलंय. तुमच्याकडे दोघंच होतील किंवा पाच होतील. दोघंच झाले तर ३६०० येतात, तरीही ३५०० च्या वर. एकही झाला नाही तर मात्र ३४००, म्हणजे कुटुंबाला सोडलेले १०० अंगावर पडले. म्हणून ही योजना चालते की नाही ते अर्ध्या तासातच कळतं: दोन घेणारी माणसं चारवर जात आहेत का, एवढंच पाहायचं. तुमच्याकडे एरवीच चार-चार घेणारी कुटुंबं जास्त येत असतील, तर चाराची नाही, सहाला पाचाची योजना करा. सवलतीचा आकडा नेहमी नेहमीच्या खरेदीच्या एक पायरी वर असावा, नाहीतर जे मिळणारच होतं तेच आपण सोडून देतो.

आणि हे पाटीवर लिहू नका, घड्याळाला बांधू नका. दोन नग मागणाऱ्याला खोकं भरता भरता सांगा, "चार नेलेत तर तीनाचेच घेते." ज्या दिवशी साडेआठच्या मोजणीत उरणारे पाच-सहाच निघाले, त्या दिवशी बोलूच नका. मग 'कधी लावणार' म्हणून विचारणाऱ्याला खरं उत्तर देता येतं: "ठरलेली वेळ नाही, आज माल बेताचा आहे." एक-दोन दिवसांत ते विचारणं थांबतं.

पाटीचा धसका मला का आहे तेही सांगते. खूप वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात शेवटच्या तासाला मीही तुमच्यासारखीच पाटी लावली होती. दहा मिनिटांपूर्वी पूर्ण भावाने आठ नग घेऊन गेलेल्या एक आजी परत आल्या. हातातलं खोकं अजून उघडलंही नव्हतं, झाकणाला वाफेने दव धरलं होतं. त्या भांडल्या नाहीत. पाटी वाचली, खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला सांगायचंस ना गं." मी त्यांना पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. उरलेले दिवस त्या आमच्या रांगेतून गेल्या, पण थांबल्या नाहीत. पाटीमुळे त्या तासात किती मिळालं हे मला आज आठवत नाही, ते खोकं मात्र आठवतं.

आता ज्याच्यापुढे हा सगळा हिशेब गौण ठरतो, त्या गोष्टीकडे येते. तुमचा पदार्थ ओला, भरलेला आणि शिजवलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं आहेत. त्यात शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सिअसच्या वर कडक गरम ठेवा, असं स्पष्ट म्हटलंय. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. पिठूळ पदार्थात वाढणाऱ्या काही जंतूंची बीजं वाफवूनही मरत नाहीत, आणि माणसाच्या हातावरून सारणात उतरणारा एक जंतू असं विष तयार करतो, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. हाताने वळलेल्या पदार्थाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. 'परत एक वाफ दिली की झालं' हे आपल्या धंद्यातलं सर्वांत धोक्याचं वाक्य आहे.

काचेच्या पेटीत पिवळा दिवा लावला की माल गरम आहे असं वाटतं. माझ्या पेटीतला एक नग फोडून सारणात थर्मामीटरची सुई खुपसली, तेव्हा ४८ निघाले. हाताला चांगला गरम लागत होता. ४८ म्हणजे जंतूंना ऊबदार पांघरूण. तुम्हीही पेटीची हवा मोजू नका, नगाच्या पोटातलं तापमान मोजा. ६० च्या वर राहत नसेल तर प्रत्येक घाण्याला दोन तासांची मुदत धरा. चाळणीतून उतरवलेल्या घाण्यासोबत वेळ लिहिलेली चिठ्ठी परातीत ठेवा: ७.४०, ८.२५. मुदत संपलेला नग साठात मोजायचाच नाही. तो अर्ध्या भावाने जायचा नाही आणि फुकटही जायचा नाही. जो विकण्यालायक नाही तो कुणाला देण्यालायकही नाही. त्याची जागा कचऱ्याच्या डब्यात, आणि तेव्हा जीव तुटला तरी तुटू द्या.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती मला फार उशिरा कळली. सवलतीच्या खोक्यात आपण सवयीने जुने नग भरतो, कारण तेच आधी घालवायचे असतात. पण चार नग घेणारा माणूस ते सगळे उभ्या उभ्या खात नाही. दोन खातो, दोन घरी नेतो. घरी पोचायला तास जातो, कधी डबा सकाळपर्यंत ओट्यावरच राहतो. म्हणजे ज्या नगांपुढे सर्वांत लांबचा प्रवास आहे, त्यात सर्वांत जुने नग जातात. म्हणून उलटं करा. एकेक नग घेऊन तिथेच खाणाऱ्याला मुदतीतला आधीचा घाणा द्या, आणि चाराच्या खोक्यात नुकता उतरलेला भरा. सोबत तोंडी सांगा, "आज रात्रीच संपवा, नाहीतर घरी गेल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा." मुदतीला अर्धा तासच उरलेले नग खोक्यात कधीच नको.

त्या १५ नगांबद्दलही सांगते. शेवटच्या वीस मिनिटांत पुन्हा मोजा. तोवर पूर्ण भावाने चारच जाणार असतील, तर इथे जास्त सढळ व्हायला हरकत नाही, पण तेही पूर्ण भाव दिलेल्या माणसापाशी. दोन घेणाऱ्याला म्हणायचं, "आणखी तीन घ्या, एकाचेच द्या." भाव त्याच्या डोळ्यांत १०० च राहतो. मग शेजारच्या स्टॉलवाल्यांशी अदलाबदल होते, त्यांच्याकडेही काहीतरी उरलेलं असतंच. आणि मुदतीत असलेले चार-सहा नग मांडवातल्या झाडलोट करणाऱ्यांना, दिवे-वायरिंगवाल्यांना द्यायचे असतील तर दहाला नाही, साडेनऊला द्या. ते तेव्हा भुकेले असतात आणि गरम खातात. दहानंतर आपण दुकान आवरताना उरलेलं म्हणून पुढे केलेली पिशवी त्यांनाही नको असते.

सरसकट भाव उतरवण्याची वेळ येते ती अशी. आठ वाजता पाऊस कोसळला, मांडव रिकामा झाला, परातीत ६० आहेत आणि रेघा सांगतायत की आता दहासुद्धा जाणार नाहीत. पूर्ण भावाने हाती फार तर १००० येतील. अर्ध्या भावाने आडोशाला थांबलेल्यांपैकी पंचवीस-तीस नग गेले तरी १२५० ते १५०० येतात. इथे उतरवा. सवलत अर्धी असेल तर एरवी जाणाऱ्या नगांच्या दुपटीपेक्षा जास्त जायला हवेत, ही कसोटी दहाच्या बाबतीत शक्य कोटीतली आहे, पस्तिसाच्या बाबतीत नव्हती. अशा दिवशी कारणही सगळ्यांना दिसतं, "पावसामुळे आज देऊन टाकतोय", म्हणून उद्या त्याची कुणी वाट पाहत नाही. महोत्सवाचा शेवटचा दिवसही थोडा असाच, कारण वाट पाहायला उद्या नसतो. तरी आधी पूर्ण भाव दिलेल्या त्या आजी त्या दिवशीही मांडवात असतातच, म्हणून मी शेवटच्या दिवशीसुद्धा खोक्याचीच योजना लवकर, साडेसातपासून, सुरू करते.

आता पुढच्या महिन्यासाठी. खरा निर्णय साडेआठचाही नाही, साडेसातचा आहे, म्हणजे शेवटचा घाणा लावायचा की नाही. तेव्हा सामान अजून खर्च झालेलं नसतं. एका नगाला सामान, गॅस आणि खोकं मिळून ३५ लागतात असं धरा. विकला तर ६५ सुटतात, उरला तर ३५ जातात. म्हणजे पुढचा नग पूर्ण भावाने खपण्याची शक्यता शंभरात ३५ पेक्षा जास्त वाटते तोवर करणं फायद्याचंच आहे. याचा एक अर्थ असा की बेताबेताने, काहीच उरणार नाही इतकं कमी करणं हाही तोटाच आहे, फक्त तो दिसत नाही. नऊला परत गेलेलं गिऱ्हाईक कचऱ्याच्या डब्यात दिसत नाही ना. या भावात आणि या खर्चात तीनातल्या दोन रात्री थोडंफार उरणं हे बरोबर केल्याचं लक्षण आहे. पाच-सात उरले तर मनाला लावून घेऊ नका. पंचवीस उरतात तेव्हा शेवटचा घाणा मोठा झाला असं समजा.

तो लहान कसा करायचा? घाण्याचा आकार दिवसभर एकच ठेवू नका. सातपर्यंत चाळण्या पूर्ण भरा, त्यानंतर निम्म्या. शक्य असेल तर वळलेले नग आधीच वाफवून ठेवू नका. सारण वेगळं, बर्फाच्या पेटीत ५ अंशांच्या खाली झाकून ठेवा, उकड किंवा पीठ जे काही वरचं आवरण असेल ते वेगळं ठेवा, आणि साडेसातनंतर दहा-बारा नगांपुरतंच वळा. पेटीतून बाहेरच न आलेलं सारण उद्या वापरता येतं, पण ते पेटीत खरंच ५ च्या खाली राहिलं का हे सुईने पाहूनच. वाफवलेला नग उद्यावर टाकता येत नाही. गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबावं लागेल. झाकण उघडल्यावर तोंडावर येणारी वाफ पाहत थांबायला लोकांची ना नसते, उलट तेवढ्यात मागे आणखी दोघं उभे राहतात.

तुम्हा दोघींत काम असं वाटून घ्या: जाऊबाईंना भावाची इतकी काळजी आहे तर गल्ल्यावर आणि खोक्याच्या बोलण्यावर त्यांना बसवा, तुम्ही चाळणीवर आणि चिठ्ठ्यांवर राहा. अर्ध्या तासाच्या रेघा यजमानांकडे द्या. पहिल्या दिवशी कुठलीच सवलत देऊ नका, त्या दिवशी काय उरलं ते रेघांसाठी दिलेलं मोल समजा. दुसऱ्या दिवशी साडेआठला तिघांनी पुठ्ठ्याभोवती दोन मिनिटं उभं राहून आकडा काढा, आणि तो वीसच्या वर निघाला तरच खोकी पुढे ओढा.